सोळा संस्कारांपैकी आज किती उरले?

प्रश्न: "सोळा संस्कार म्हणतात ते नेमके कोणते? बारसं, जावळ, डोहाळजेवण, सोडमुंज हे त्यातलेच का? आणि त्यातले आज खरोखर होतात किती?"

आधी यादी, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. सोळा हा आकडा पक्का झाला, पण सोळात कोण बसणार हे कधीच पक्कं झालं नाही. गौतम धर्मसूत्रात संस्कार चाळीस आहेत. व्यासांच्या नावावरच्या सोळांत कर्णवेध आहे, पण अंत्येष्टी नाही. स्वामी दयानंदांच्या सोळांत वानप्रस्थ आणि संन्यासही येतात. मी इथे जातूकर्ण्याच्या नावावर सांगितली जाणारी यादी धरतो: गर्भाधान, पुंसवन, सीमंतोन्नयन, जातकर्म, नामकरण, अन्नप्राशन, चौल, मौंजी, चार वेदव्रतं, गोदान, समावर्तन, विवाह आणि अंत्य. बेरीज सोळा होते.

यातले किती उरले हे ठरवायला मला एक सोपी खूण दिसते. ज्या संस्काराला घरगुती मराठी नाव मिळालं, तो बहुतेक टिकला. नामकरणाचं बारसं झालं, अन्नप्राशनाचं उष्टावण, चौलाचं जावळ, मौंजीची मुंज, समावर्तनाची सोडमुंज, विवाहाचं लग्न. पुंसवनाला मात्र बोलीतलं नाव नाही. वेदव्रतांपैकी महानाम्नी किंवा महाव्रत ही नावं तर घरात कुणी उच्चारतही नाही. नाव मिळालं म्हणजे विधी भटजींच्या पोथीतून घरातल्या बायकांच्या, मामाच्या, आत्याच्या हातात आला. अर्थात हातात आला म्हणजे बदललाही.

बारशाचंच बघा. शास्त्रात नाव ठेवणारा बाप. ताटात तांदूळ पसरून त्यावर सोन्याच्या अंगठीने तो नाव लिहितो, आणि नावंही चार असतात: देवतेवरून, महिन्यावरून, नक्षत्रावरून आणि चौथं व्यवहारातलं. आज आपण बारसं म्हणतो ते पाळण्यापाशी होतं. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवतात आणि कानात कुर्र करून नाव सांगते ती आत्या. होम नाही, मंत्र नाही, बाप बहुधा फोटो काढण्यात गुंतलेला. तरीही नामकरण झालं असंच सगळे मानतात, आणि त्यात चूक काही नाही.

डोहाळजेवणाचं उत्तर जरा आडवं आहे. सीमंतोन्नयन म्हणजे भांग वर काढणं. गृह्यसूत्रांप्रमाणे नवरा तीन पांढरे पट्टे असलेल्या साळिंदराच्या काट्याने, दर्भाच्या जुड्यांनी आणि कच्च्या उंबरांच्या घोसाने गर्भवती बायकोचा भांग कपाळापासून मागे काढतो, आणि वीणा वाजवणाऱ्यांना गायला सांगतो. डोहाळजेवणात काटा गेला, उंबर गेलं, नवराही जवळजवळ गेला. उरल्या त्या फुलांच्या वेण्या, ओटी, गाणी आणि झाकलेल्या वाट्यांतून पेढा निघतो की बर्फी याची गंमत. डोहाळजेवण हे सीमंतोन्नयनाच्या जागी आलेलं आहे, ते सीमंतोन्नयन नव्हे. दक्षिणेत मात्र त्या समारंभाला 'सीमंत' हे नाव अजून चालतं.

जावळ आणि चौल यांतला फरक घरोघर विसरला गेलाय. पहिल्या-तिसऱ्या वर्षी मामाच्या मांडीवर बसवून बाळाचे केस उतरवतात ते जावळ. समंत्रक चौल, म्हणजे होम करून शेंडी राखणं, हे मात्र मुंजीच्या दिवशी सकाळी उरकतात. म्हणून काही पत्रिकांत 'चौल व उपनयन' असं छापलेलं असतं.

आता त्या मुंजीच्या सकाळीच थांबू, कारण काय लोपलं याचा सगळ्यात प्रामाणिक हिशेब तिथे भटजीच मांडतात, फक्त संस्कृतात. आठ वर्षांचा मुलगा आहे, घर ऋग्वेदी. पुण्याहवाचन, देवक वगैरे करताना वडिलांकडून एक संकल्प सोडवून घेतात. त्याचा आशय असा: या कुमाराचे गर्भाधानापासून चौलापर्यंतचे संस्कार त्या त्या वेळी झाले नाहीत, त्याचा दोष जावा म्हणून प्रायश्चित्त करतो. प्रत्येक बुडालेल्या संस्कारामागे एक पादकृच्छ्र, चौलाबद्दल अर्धकृच्छ्र. पादकृच्छ्र म्हणजे चार दिवसांचं व्रत: एक दिवस फक्त दिवसा जेवायचं, एक दिवस फक्त रात्री, एक दिवस न मागता मिळेल तेवढंच, आणि एक दिवस उपास. असे सात-आठ संस्कार बुडाले असतील, तर वडिलांनी महिनाभर हेच करत बसायला हवं. तसं कोणी करत नाही. शास्त्रानेच पर्याय दिलाय, त्याला प्रत्याम्नाय म्हणतात: व्रताऐवजी गाय, गाय नसेल तर तिची किंमत दक्षिणा म्हणून. ताम्हनात नाणी पडतात, पळीभर पाणी सुटतं, आणि पुंसवन-जातकर्म वगैरे सगळं दीड मिनिटात मिटतं. हा काही कलियुगातल्या भटजींचा शॉर्टकट नव्हे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० च्या सुमारास लिहिलेल्या 'धर्मसिंधु'सारख्या ग्रंथांत हे रीतसर सांगितलेलं आहे. याचा अर्थ तेव्हाही संस्कार बुडत होते, आणि बुडतील हे गृहीत होतं.

त्यानंतरचे विधी बहुतेकांनी पाहिलेले असतात. आईबरोबर एका ताटात शेवटचं जेवण म्हणजे मातृभोजन, अंतरपाट, मंगलाष्टकं, जानवं, लंगोटी, मुंज गवताची मेखला (विधीला नाव त्या गवताचं), पळसाचा दंड, कानात गायत्री, मग भिक्षावळ. ब्रह्मचर्याश्रम इथे सुरू होतो. शास्त्रात तो एका वेदाला बारा वर्षं चालायचा. चार वेदव्रतं आणि सोळाव्या वर्षी पहिल्यांदा दाढी करण्याचं गोदान (इथे गो म्हणजे केस, गाय नव्हे) हे त्या बारा वर्षांत बसायचे. शेवटी स्नान करून, छत्री-जोडे घेऊन घरी परतणं म्हणजे समावर्तन.

आज ही बारा वर्षं काही दिवसांत, बहुतेक घरी तर त्याच दुपारी संपतात. वेदव्रतं बुडाल्याचंही प्रायश्चित्त होतं आणि सोडमुंज लागते. मुलगा काठी-छत्री घेऊन काशीला निघतो आणि मामा त्याला अडवतो: जाऊ नकोस, माझी मुलगी देईन. ज्यांच्यात मामेबहीण चालते तिथे या वाक्याला थोडा तरी अर्थ होता, इतरांच्यात ती निव्वळ थट्टा. म्हणजे समावर्तन टिकलं ते नाट्य म्हणून. ज्याची सांगता व्हायची ते अध्ययनच मधून निघून गेलंय. वेदपाठशाळेतल्या मुलांचा अपवाद सोडला, तर वेदव्रतं आणि गोदान मिळून सोळातले पाच पूर्ण गेले असं मी धरतो.

माझ्या खुणेला एक मोठा अपवाद आहे, आणि तो सांगायलाच हवा. गर्भाधानाला मराठी नावं होती: न्हाण, ओटीभरण, फलशोभन. मुलीचं लग्न आठ-दहाव्या वर्षी व्हायचं आणि ती पहिल्यांदा 'न्हाली' की गाजावाजा करून हा विधी व्हायचा. हा संस्कार काळाच्या ओघात विरला नाही, तो भांडणातून गेला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारा केलं. पहिल्या ऋतूला गर्भाधान न केल्यास धर्म बुडतो, हा विरोधकांचा मुख्य मुद्दा होता. टिळक विरोधात होते, रा. गो. भांडारकरांनी धर्मग्रंथांचेच आधार काढून उलट बाजू मांडली. पुढे बालविवाहाला आळा घालणारा १९२९ चा सारडा कायदा आला, मुली शिकू लागल्या, लग्नाचं वय वाढलं आणि न्हाणाचा समारंभ निराधार झाला. तो गेला याचं कुणाला वाईट वाटू नये.

पुंसवन आपसूक मेलं. तिसऱ्या महिन्यात दह्यात दोन उडीद आणि एक जव घालून प्यायचं, नवऱ्याने तीनदा विचारायचं काय पितेस, तिने तीनदा सांगायचं पुंसवन. हेतू उघड आहे, मुलगाच व्हावा. हल्ली 'गर्भसंस्कार' नावाने जे वर्ग चालतात, त्यातलं संगीत, वाचन, आहार याचा या विधीशी फारसा संबंध नाही, आणि नसलेलाच बरा. जातकर्मही गेलं. नाळ कापण्यापूर्वी बापाने सोन्याने मध-तूप चाटवायचं, हे घरच्या बाळंतिणीच्या खोलीत शक्य होतं, प्रसूतिगृहात नाही. त्यातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर बजावतात, कारण त्यातून बोट्युलिझम होऊ शकतो. गंमत अशी की सहाव्या दिवशीची सटवाईची पूजा, जी या सोळात नाहीच, ती अजून जोरात आहे.

दुसरी मर्यादाही लक्षात घ्या. हे समंत्रक सोळा मुळात तीन वर्णांच्या मुलग्यांसाठी. मुलींचे चौलापर्यंतचे विधी मंत्रांशिवाय, आणि मनूच्या मते विवाह हेच त्यांचं उपनयन. वेदमंत्रांनी होणारे वेदोक्त विधी कुणासाठी आणि पुराणातल्या मंत्रांनी होणारे पुराणोक्त कुणासाठी यावरून १८९९ पासून कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबारी किती रण माजलं ते ठाऊक असेलच. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य घरांत मुंज कधी नव्हतीच. तिथे बारसं, जावळ, लग्न आणि शेवटचे दिवस एवढेच.

तेव्हा आकडा हवा असेल तर माझा असा: बहुतेक हिंदू मराठी घरांत नामकरण, चौल (जावळ म्हणून), विवाह आणि अंत्य हे चार नक्की. उष्टावण बऱ्याच ठिकाणी, तेही मुलाला सम महिन्यात आणि मुलीला विषम महिन्यात. मुंज-सोडमुंज ठरावीक जातींत. सीमंतोन्नयन डोहाळजेवणाच्या रूपात. कायद्याने विचारला जाऊ शकतो तो एकच, विवाह: १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ प्रमाणे रूढीत सप्तपदी असेल, तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण होतं. बाकीच्यांची नोंद कुठेच होत नाही. आणि यातल्या ज्या एकाला रोजच्या मराठीत 'संस्कार' हाच शब्द चिकटून राहिला, त्या अंत्यसंस्काराला जुन्या अनेक यादीकारांनी अशुभ म्हणून यादीतच घेतलं नव्हतं.