एआयचा कायदाच नाही, मग त्यात करिअर कसं?

प्रश्न : सर, मी नांदेडला एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एआयच्या नियमनात काम करायची इच्छा आहे. पण युरोपात जोखमीनुसार बंधनकारक कायदा आहे, ब्राझील आणि व्हिएतनाम त्याच वाटेने निघालेत आणि आपल्याकडे नुसती ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं. मग भारतात या विषयात काम तरी मिळेल का?

उत्तर : मिळेल. ते नेमकं कुठे आहे हे समजायला तुझ्या शेजारच्या तेलंगणातलं एक प्रकरण बघ.

तिथल्या सरकारने ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली उभी केली. वाहन, मालमत्ता अशा निरनिराळ्या खात्यांतल्या नोंदी नाव-पत्त्यावरून जुळवायच्या आणि सवलतीच्या धान्याला कोण अपात्र आहे ते शोधायचं, असं तिचं काम. एका रिक्षा ओढणाऱ्याच्या घरचं रेशन बंद झालं, कारण नोंदीत त्याच्या नावावर चारचाकी दिसत होती. गाडी मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्याच माणसाची होती. पुढे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द कार्डांची प्रत्यक्ष फेरतपासणी करायला लावली. तपासलेल्या दोन लाखांहून अधिक अर्जांत पंधरा हजारांवर कुटुंबं पात्र निघाली, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास.

आता एक हिशोब करू. समजा एक लाख कुटुंबांतून यंत्रणेने दोन हजार अपात्र ठरवली आणि त्यातली दीडशे चुकून. यंत्रणा बनवणारी कंपनी अहवालात लिहील की एक लाखात फक्त दीडशे चुका, म्हणजे 99.85 टक्के अचूकता. आकडा खोटा नाही. पण ज्यांचं धान्य तोडलं, त्यांच्यात दर शंभरात साडेसात जणांवर अन्याय झाला. शिवाय पात्र नसूनही यादीत राहिलेले या दीडशेत मोजलेलेच नाहीत. म्हणून अचूकतेचा आकडा समोर आला की तो कोणत्या गटाच्या संख्येने भागून काढलाय हे आधी विचारायचं. हा प्रश्न विचारू शकणारी माणसं फार कमी आहेत.

दोन पद्धतींतला फरक इथेच उघडा पडतो. युरोपच्या 2024 च्या कायद्यात सरकारी मदतीची पात्रता ठरवणारी प्रणाली ‘उच्च जोखमी’त मोडते. ती वापरात आणण्याआधी तिचा डेटा तपासावा लागतो, प्रत्येक निर्णयाची नोंद राहील अशी सोय करावी लागते आणि निर्णय फिरवू शकेल असा माणूस नेमावा लागतो. चूक नाही हे आधी दाखवण्याची जबाबदारी प्रणाली बनवणाऱ्या आणि वापरणाऱ्यांवर येते. भारताच्या नोव्हेंबर 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही उत्तरदायित्व आहे, निष्पक्षताही आहे. पण तूर्त वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे आणि ऐच्छिक उपाय पुरेत, अशी भूमिका आहे. मग चूक सिद्ध करायचं ओझं रेशन गमावलेल्या माणसावर पडतं, आणि तो न्यायालयापर्यंत पोहोचेस्तोवर वर्षं जातात.

तरीही युरोपचा कायदा जसाच्या तसा उचलावा असं मी म्हणणार नाही. तो चालतो तो तपासनीस, प्रमाणन संस्था आणि पुरेसं मनुष्यबळ असलेल्या नियामकांच्या जोरावर. आपल्याकडे पुरवठा निरीक्षकाकडे आधीच हातभर फायली असतात. त्याला ‘मानवी देखरेख’ करायला बसवलं तर तो पडद्यावर दिसेल त्याला मान्यता देत जाईल, आणि कागदोपत्री सगळं नियमात असेल. दुसरीकडे, अर्धवट सक्तीचाही अनुभव आपण घेतलाय. 1 मार्च 2024 ला केंद्राने पुरेशी चाचणी न झालेल्या एआय मॉडेलना सरकारी परवानगी लागेल अशी सूचना काढली आणि दोन आठवड्यांत, 15 मार्चला, ती बदलली. मला वाटतं, आपल्यासारख्या देशाने धान्य, पेन्शन, कर्ज, नोकरी अशा मोजक्या निर्णयांपुरती सक्ती करावी, तीही कार्ड तोडण्याआधी नोटीस आणि प्रत्यक्ष चौकशी इतकी साधी. बाकीच्या वापरांना मार्गदर्शक तत्त्वं पुरतील.

तुझ्यासाठी काम दोन ठिकाणी आहे. पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्यांच्या प्रणालींचा निकाल युरोपात वापरला जातो, त्यांना तिथला कायदा लागू होऊ शकतो. त्यांना जोखमीचं वर्गीकरण आणि कागदपत्रं सांभाळणारी माणसं लागतात. दुसरं काम इथलंच, सरकारी खरेदीच्या करारात चाचणी, नोंदी आणि अपिलाच्या अटी घालण्याचं. यासाठी नवा कायदा लागत नाही, करार नीट लिहिता यावा लागतो. मला हे दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यासाठी प्रशासकीय कायदा आणि करार कायदा पक्का कर, सोबत थोडं संख्याशास्त्र शीक.

सुरुवात या महिन्यातच कर. जिल्हा पुरवठा कार्यालयाला माहिती अधिकारात विचार : गेल्या वर्षी किती शिधापत्रिका रद्द केल्या, किती जणांना आधी नोटीस दिली, आणि तक्रारीनंतर किती पुन्हा सुरू केल्या? उत्तर आलं की मला पाठव, त्यावर तुझं पहिलं टिपण कसं लिहायचं ते बघू.