संतापलेल्या ग्राहकाचा मेल साहेबांपुढे ठेवताना

ग्राहकाने मेलमध्ये नुसता शिव्यांचा भडिमार केलाय आणि साहेबांना चार ओळींत सारांश हवाय. सुरुवात कुठून करू?

मागणीपासून. ती बहुधा मेलच्या शेवटी, सगळा राग ओकून झाल्यावर येते, म्हणून मेल आधी शेवटपर्यंत वाचा. समजा, मंगळवारी, ११ जूनला आलेला मेल असा आहे :

"चोर आहात तुम्ही सगळे! ३ तारखेला २६ हजारांचा फ्रिज घेतला, ९ तारखेला बंद. तुमचा तो बिनकामाचा मेकॅनिक दोनदा येतो म्हणाला, आलाच नाही. आईचं इन्सुलिन फुकट गेलं. शुक्रवारपर्यंत बदलून द्या, नाहीतर ग्राहक आयोगात खेचतो."

मी असं लिहीन :

"ग्राहकाची मागणी : शुक्रवार, १४ जूनपर्यंत फ्रिज बदलून द्यावा, अन्यथा ते ग्राहक आयोगाकडे जाणार आहेत. ३ जूनला २६,००० रुपयांना घेतलेला फ्रिज ९ जूनला बंद पडला आणि मेकॅनिक दोनदा वेळ देऊन आला नाही, असे ते कळवतात. आईचे इन्सुलिन वाया गेल्याचेही लिहिले आहे. त्याची भरपाई मागितलेली नाही."

'बिनकामाचा' गेला, पण मेकॅनिक आला नाही हे राहिलं. शिवीच्या पोटात असलेली माहिती अशी सोडवून घ्यावी लागते. 'शुक्रवार'ला तारीख जोडली, कारण साहेब हे दोन दिवसांनीही वाचू शकतात. इन्सुलिनचं वाक्य रडगाणं समजून गाळण्याचा मोह होतो. गाळू नका. प्रत्यक्ष नुकसान तेच आहे आणि पुढच्या मेलमध्ये त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात.

"शंभर वेळा फोन केला" असं ग्राहक म्हणतो. आमच्या नोंदीत चारच कॉल आहेत. खरं काय लिहू?

दोन्ही, पण वेगवेगळं : "वारंवार फोन केल्याचे ग्राहक सांगतात. आपल्या नोंदीत ४ कॉल आहेत." निकाल तुम्ही देऊ नका. त्यांनी दुसऱ्या नंबरवरून किंवा थेट दुकानात फोन केलेला असू शकतो.

साहेब चिडू नयेत म्हणून मी "ग्राहक थोडे नाराज आहेत" एवढंच लिहिते. चालेल ना?

नाही. साहेब त्या भरवशावर हलक्या सुरात फोन करतील आणि पलीकडून आयोगाचं नाव ऐकून गडबडतील. "भाषा अत्यंत संतप्त आहे, मूळ मेल सोबत जोडला आहे" हे एक वाक्य पुरतं. उलट बाजूनेही जपा : आयोगाकडे जाणं हा ग्राहकाचा हक्क आहे, त्याला 'धमकी' म्हटलं की तुम्ही कंपनीची बाजू घेतलीत.

आणि खरीच धमकी असेल तर? "तुमच्या मेकॅनिकचे हातपाय तोडीन" असं एकाने लिहिलंय.

तिथे शब्द सौम्य करायचे नाहीत. ते वाक्य अवतरणात, जसंच्या तसं, सारांशाच्या वर वेगळं लिहा आणि साहेबांना लगेच फोन करा. त्या पत्त्यावर मेकॅनिकला पाठवायचं की नाही, हे त्यांना आजच ठरवावं लागेल.