गॅसिफायर आणि साधी भट्टी: कढईखाली नेमकं काय वेगळं जळतं?

प्रश्न: बारामतीजवळ आमचं फरसाणाचं छोटं युनिट आहे. कढई रोज १९ किलोचे दोन व्यावसायिक सिलिंडर खाते. एक जण म्हणतो, बायोमास गॅसिफायर बसवा, शेतातला कचरा दाबून केलेल्या ब्रिकेटवर चालतो, धूर नाही. शेवटी कचरा जाळायचाच आहे तर साध्या भट्टीतच का जाळू नये? आणि आमच्याकडे उसाचं पाचट पडून असतं, ते चालेल का?

उत्तर: मी गॅसिफायर बसवण्याच्या आणि चालवण्याच्या कामात आहे, म्हणून आधी विक्रेते सहसा सांगत नाहीत ते सांगतो. गॅसिफायर एक किलो ब्रिकेटमधून भट्टीपेक्षा जास्त उष्णता काढत नाही, उलट थोडी गमावतो. फायदा असतो तो उष्णता कुठे, कधी आणि किती द्यायची हे हातात येण्याचा.

एक काडी पेटवून नीट बघा. ज्योत लाकडाला चिकटलेली नसते, किंचित वर असते. जळत असतो तो तापलेल्या लाकडातून निघणारा वायू. सुक्या लाकडाच्या वजनाचा साधारण चार पंचमांश भाग असा वायू आणि वाफ होऊन उडतो, उरतो तो कोळसा. म्हणजे साध्या भट्टीतही आधी वायू तयार होतो आणि मग जळतो, फक्त दोन्ही गोष्टी एकाच जागी होतात. गोंधळ तिथेच सुरू होतो. नवं लाकूड टाकलं की पहिली काही मिनिटं वायूचा लोंढा येतो आणि त्याला हवा पुरत नाही, म्हणून काळा धूर. थोड्या वेळाने नुसता कोळसा उरतो, त्याला तेवढी हवा लागत नाही, पण ती येतच राहते आणि भट्टीची उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे तेल कधी जास्त तापतं, कधी थंड पडतं. शेव काढणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

गॅसिफायरमध्ये या दोन पायऱ्या वेगळ्या करतात. एक किलो लाकूड पूर्ण जाळायला साधारण सहा किलो हवा लागते. गॅसिफायरला आपण दीड ते पावणेदोन किलोच देतो. वरून इंधन भरायचं आणि खालून गॅस घ्यायचा, अशी जी नेहमीची रचना असते तिच्यात सगळ्या अवस्था एकाच वेळी, एकाखाली एक चालू असतात. वरचा थर वाळतो. त्याखालचा थर भाजून त्यातला वायू आणि चिकट डांबर सुटतं. त्याखाली नॉझलमधून हवा येते, तिथे थोडा भाग खरोखर जळतो आणि तापमान हजार-बाराशे अंशांवर जातं. या आगीतून निघालेला कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ पुढे लालभडक निखाऱ्यांच्या थरातून जातात, आणि खरं काम तिथे होतं:

```
C + CO2 → 2CO
C + H2O → CO + H2
```

जळून गेलेला, निरुपयोगी वायू निखाऱ्यातला कार्बन घेऊन पुन्हा जळाऊ होतो. या क्रिया उष्णता खातात, म्हणून खालून निघणारा गॅस आगीच्या थरापेक्षा बराच थंड असतो. त्यात सुमारे पाचवा हिस्सा कार्बन मोनॉक्साइड, त्याहून थोडा कमी हायड्रोजन, किंचित मिथेन, आणि जवळपास निम्मा हवेतला नायट्रोजन. वरच्या थरात सुटलेलं डांबरही याच तापलेल्या भागातून जातं आणि बरंचसं तिथेच फुटून हलक्या वायूंत बदलतं. वरचा इंधनाचा हॉपर भरलेला असेपर्यंत हे सगळे थर कायम असतात, म्हणून गॅस सारखा येतो. बर्नरजवळ तो स्वतंत्र हवेशी नीट मिसळून जळतो. धूर नसण्याचं कारण एवढंच.

आता तुमचा हिशोब करू. चांगल्या ब्रिकेटमध्ये किलोमागे साधारण ३८०० किलोकॅलरी असतात. गॅस गरम असतानाच वापरला तर त्यातल्या ७५ टक्के, म्हणजे २८५० किलोकॅलरी बर्नरपर्यंत पोचतात. सिलिंडरमधल्या एक किलो गॅसमध्ये सुमारे ११००० किलोकॅलरी. भागाकार केला तर एक किलो सिलिंडरच्या गॅसला जवळपास चार किलो ब्रिकेट लागतात. तुमचे रोजचे ३८ किलो म्हणजे दीडशे किलोच्या आसपास ब्रिकेट, दहा तासांच्या कामाला ताशी पंधरा किलो. तेव्हा सिलिंडरच्या एका किलोचा भाव आणि चार किलो ब्रिकेटचा भाव शेजारी मांडा. जो फरक उरेल त्यातून राख काढणाऱ्या माणसाची मजुरी, ब्लोअरची वीज आणि यंत्राचा हप्ता निघाला पाहिजे. तुमच्याकडे कढई दिवसभर चालत असेल तर बहुतेक वेळा निघतो. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास असं काम असेल तर सिलिंडरच ठेवा. गॅसिफायर पेटवल्यावर चांगला गॅस यायला दहा-वीस मिनिटं जातात आणि तेवढा वेळ पांढरट-पिवळा धूर असतोच, कोणी काहीही म्हणो. सिलिंडरची कळ फिरवली की ज्योत लगेच बदलते. इथे ब्लोअरचा व्हॉल्व्ह फिरवल्यावर निखाऱ्यांचा थर नव्या वेगाशी जुळवून घ्यायला काही मिनिटं घेतो.

बर्नरही बदलावा लागतो. तेवढ्याच उष्णतेसाठी या गॅसचं आकारमान सिलिंडरच्या गॅसच्या वीसपट असतं आणि दाब अगदी कमी, म्हणून जुन्या बर्नरच्या बारीक जेटमधून तो जाणारच नाही. पाइप रुंद, शक्य तितका आखूड आणि बाहेरून ग्लासवूल गुंडाळलेला हवा. गॅस साधारण साडेतीनशे अंशांखाली गेला की उरलेलं डांबर पाइपात बसायला लागतं. उष्णतेसाठी गॅसिफायर वापरणं सोपं का, याचंही उत्तर यातच आहे. इंजिन चालवायचं तर गॅस थंड आणि जवळजवळ डांबरमुक्त करावा लागतो, आणि बरेच प्रकल्प त्या सफाईपायीच बंद पडतात. कढईखाली जाळायचं तर ते डांबर वाफेच्या रूपात गॅसबरोबर जळून उष्णताच देतं. विक्रेता पाण्याने गॅस धुणारा स्क्रबर गळ्यात मारत असेल तर नको म्हणा. त्या काळ्या, फिनॉलच्या वासाच्या पाण्याचं तुम्ही काय करणार? गरम गॅसमधली राख पकडायला सायक्लोन पुरतो.

पाचटाचं उत्तर तुमच्या अगदी जवळ आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नव्वदच्या दशकात खास पाचट, बगॅस, बाजरीची ताटं अशा हलक्या इंधनासाठी गॅसिफायर बनवला. ताशी १०८० मेगाज्यूलपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच लाख किलोकॅलरीपर्यंत उष्णता देणारा. प्रयोगशाळेत तो सातशेहून अधिक तास चालवला, आणि नंतर एका धातू कंपनीत तेलावर चालणाऱ्या सिरॅमिक भाजण्याच्या भट्टीला जोडून १३० तास. त्या काळात भट्टी पूर्णपणे याच गॅसवर होती आणि माल तेलावरच्या मालाइतकाच चांगला निघाला. म्हणजे पाचट चालतं, पण त्यासाठीच घडवलेल्या यंत्रात. त्या यंत्रातून मूळ इंधनाच्या वजनाच्या २४ टक्के कोळसाही बाहेर पडायचा. तो ब्रिकेट करून चुलीत वापरता येतो किंवा शेतात घालता येतो. मात्र बाहेर गेलेला कोळसा ही बाहेर गेलेली उष्णताच, म्हणून वरचा ७५ टक्क्यांचा हिशोब तिथे धरू नका.

ब्रिकेटसाठी बनवलेल्या यंत्रात सुटं पाचट टाकलंत तर दोन गोष्टी होतील. पाचट इतकं हलकं असतं की ते स्वतःच्या वजनाने खाली सरकत नाही. हॉपरमध्ये त्याची कमान बनते, खाली पोकळी होते, आणि हवा निखाऱ्यांना टाळून सरळ जाते. दुसरं म्हणजे राख. पाचटाच्या राखेत सिलिका आणि पोटॅश असतात, ती लाकडाच्या राखेपेक्षा कमी तापमानाला वितळते आणि जाळीवर काचेसारखे खडे, म्हणजे क्लिंकर, बसतात. त्यामुळे तुमच्या आकाराच्या युनिटला माझा सल्ला असा: पाचट ब्रिकेटवाल्याला द्या, ब्रिकेट त्याच्याकडून घ्या. घेताना दोन तुकडे फोडून बघा. ओलावा १५ टक्क्यांपर्यंत चालतो, पावसाळ्यात उघड्यावर राहिलेला माल नाही. ओल्या इंधनाने आगीचा थर थंड पडतो, डांबर फुटत नाही, आणि यंत्र मुकाट्याने धूर बनवायला लागतं.

आत काय चाललंय हे कळायला पाण्याने भरलेली यू आकाराची नळी बसवून घ्या. काही रुपयांची वस्तू आहे, पण मी तिच्याशिवाय यंत्र पेटवत नाही. इंधनाच्या थराच्या वर आणि खाली असलेल्या दाबातला फरक ती दाखवते. पाण्याच्या दोन पातळ्यांमधलं अंतर हळूहळू वाढत असेल तर क्लिंकर किंवा भुगा जाळीवर साचतोय, जाळी हलवा. अंतर अचानक कमी झालं तर वर कमान झाली आहे, वरून सळईने इंधन मोकळं करा. दुसरी खूण ज्योत. चांगला गॅस निळसर, कडेला नारिंगी छटेच्या, जवळजवळ पारदर्शक ज्योतीने जळतो. ज्योत पिवळी, काजळी सोडणारी झाली की डांबर वाढलंय. ती धकधक करू लागली तर पाइपात चिकटा बसलाय.

सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नाही, रंग नाही, आणि या गॅसचा पाचवा हिस्सा तोच आहे. ब्लोअर हवा आत ढकलत असेल तर प्रत्येक सैल सांध्यातून गॅस खोलीत येतो. ब्लोअर गॅस ओढत असेल तर सांध्यातून हवा आत शिरते आणि पाइपातच स्फोटाची तयारी होते. म्हणून गॅसिफायर भिंतीबाहेर, उघड्या शेडखाली ठेवा आणि फक्त पाइप आत घ्या. पेटवताना सुरुवातीचा गॅस बाहेरच्या नळीवर जाळा, तिथे ज्योत स्थिर झाल्यावरच कढईकडे वळवा, आणि बर्नरमध्ये आधी पेटता बोळा धरून मग व्हॉल्व्ह उघडा. कढईच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. काम संपल्यावर ब्लोअर बंद केला तरी निखारे तासन् तास गॅस सोडत राहतात, म्हणून रात्री बाहेरच्या नळीचं तोंड उघडं ठेवायचं आणि आतला व्हॉल्व्ह बंद. शेडमध्ये राखणदार झोपत असेल तर त्याची खाट आधी तिथून हलवा.