ड्रिफ्ट आणि व्होलॅटिलिटी: आधी एवढंच बघ

शेअरच्या किमतीच्या मॉडेलमध्ये ड्रिफ्ट म्हणजे किमतीच्या वाढीचा सरासरी वार्षिक दर आणि व्होलॅटिलिटी म्हणजे परतावे वर्षभरात किती वरखाली होतात त्याचं माप. त्यामागचं इटोचं सूत्र, म्हणजे असे यादृच्छिक बदल हाताळायचा गणिती नियम, सध्या बाजूला ठेव. १०० रुपयांचा शेअर २० टक्के चढून २० टक्के पडला की ९६ उरतात, कारण परतावे गुणले जातात. लॉग घेतला की गुणाकाराची बेरीज होते. असे असंख्य छोटे, स्वतंत्र धक्के बेरजेत आले की लॉगचं वितरण नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं होतं, म्हणून किंमत लॉगनॉर्मल. शून्याखाली ती जातच नाही.

नवखे इथे हमखास चुकतात (मीही चुकलो होतो):

- ड्रिफ्ट १२ टक्के, व्होलॅटिलिटी, म्हणजे σ, ४० टक्के धर. वर्षाअखेरची सरासरी किंमत सुमारे ११२.७, पण मध्यक १०४.१ च. लॉगच्या ड्रिफ्टमधून σ²/2, म्हणजे ८ टक्के वजा होतात.
- वर्षात बाजाराचे साधारण २५२ दिवस धरतात; वार्षिक ४० टक्क्यांवरून रोजची व्होलॅटिलिटी काढताना २५२ ने नको, √252 ने भाग: साधारण २.५ टक्के.