लाडू आवडले म्हणतात, पण दर कमी करा म्हणतात: काय उत्तर द्यावं?

प्रश्न: "घरून बेसनाचे लाडू करून देते, ७०० रुपये किलो. काल एका ताईंचा मेसेज आला: 'लाडू अप्रतिम, असे लाडू खूप वर्षांनी खाल्ले, मुलांनी दोन दिवसांत डबा संपवला. अजून दोन किलो हवेत, पण ६०० ने लावा ना.' कालपासून तीनदा टाईप करून खोडलंय. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक जाईल, हो म्हटलं तर हातात काय राहणार? काय लिहू?"

उत्तर:

ताई, तीनदा खोडलंत हे फार बरं केलंत. मी पहिल्या फटक्यात पाठवून मोकळी झाले होते आणि ते मला एकतीस किलो चकलीला भोवलं.

लाडवाचा खर्च कसा काढायचा हे तुम्हाला येतच असणार, नाहीतर ७०० हा आकडा आला नसता. ते सोडते आणि माझ्या घोडचुकीवर येते, कारण तुम्ही आत्ता अगदी तिथेच उभ्या आहात.

२०२२ ची दिवाळी. मी डोंबिवलीत, घरून फराळ करून देण्याचं माझं दुसरं वर्ष. चकली ५२० रुपये किलो. नवरात्रात एका बाईंनी चवीला म्हणून पाव किलो नेली होती. दिवाळीच्या आठवडाभर आधी रात्री अकराला त्यांचा मेसेज: "अगदी माझ्या आईच्या हातची चकली! दोन किलो लिहा. आपण काय आता नेहमीचेच, ४५० करा." मी तेव्हा कढईतलं तेल गाळत होते. कौतुक वाचून सुखावले आणि 'कमी करा' वाचून एकदम अपराधी वाटलं, जणू मीच जास्त लावत होते. त्या अपराधीपणातून मी त्यांना किलोचा सगळा हिशेब लिहून पाठवला. भाजणी आणि दळण ९०, तेल ८०, लोणी-तीळ-तिखट-ओवा ३०, गॅस २०, डबा आणि लेबल २५, मदतीला येणाऱ्या मावशी ७५, तुटफूट ३०. झाले ३५०. उरलेल्या १७० मध्ये माझी मेहनत. वाटलं, हे वाचून कोण बोलेल?

पाच मिनिटांत उत्तर आलं. "तेल तर आता उतरलंय की. डबा नको, साध्या पिशवीत द्या. आणि मावशींचे ७५ जरा जास्तच नाही का?"

तेल खरंच उतरलं होतं. त्या वर्षी उन्हाळ्यात भडकलेले भाव दिवाळीपर्यंत खाली आले होते. पण माझे तेलाचे डबे आधीच्या भावाने भरलेले होते. आता हे त्यांना समजावत बसायचं? बसले, अर्धा तास. मावशी किती वाजता येतात, चकल्या पाडून देतात की तळतातही, हेसुद्धा सांगितलं. शेवटी कंटाळून लिहिलं, "बरं, तुम्हाला ४५०. पण कुणाला सांगू नका हं."

माझ्या मते दर कमी करण्यापेक्षाही हिशेब पाठवणं ही मोठी चूक होती. खर्चाची यादी समोर ठेवली की ती तपासायचा अधिकारही आपणच देतो. समोरच्याला ते स्पष्टीकरण वाटत नाही, प्रत्येक ओळ त्याला घासाघीस करायची जागा वाटते. आणि 'कुणाला सांगू नका' हे तर लिहूच नका. दुसऱ्या दिवशी दुपारी बिल्डिंगच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज होता: "घरगुती चकली ४५० ने मिळतेय, माझं नाव सांगा." त्यांनी हे अगदी चांगल्या मनाने केलं होतं, चार गिऱ्हाइकं मिळवून द्यायला. त्यांच्यावर माझा राग नाही.

त्या दिवाळीला माझ्याकडे एकूण ३१ किलोची ऑर्डर होती. त्यातल्या २४ किलोचे पैसे ५२० च्या दराने आधीच आले होते. संध्याकाळपर्यंत फोन सुरू. "आम्हाला का नाही सांगितलंत?" किलोमागे ७० रुपये परत केले, म्हणजे १,६८०. उरलेले सात किलो ४५० नेच गेले, तिथे आणखी ४९०. एकतीस किलोवर मला ५,२७० मिळायचे होते, हातात आले ३,१००. त्याच चकल्या, तेच तळण, तीच पाठदुखी.

पैशाचं पुढच्या दिवाळीत भरून निघालं. भरून निघाल्या नाहीत त्या पलीकडच्या गल्लीतल्या एक काकू. त्यांनी पहिल्या वर्षापासून एक पैसा कमी करायला सांगितलं नव्हतं. ७० रुपये परत द्यायला गेले तेव्हा म्हणाल्या, "असू दे गं," आणि घेतच नव्हत्या. पुढच्या वर्षी त्यांची ऑर्डर आली नाही, त्यानंतरही नाही. जी बोलते तिला स्वस्त आणि जी बोलत नाही तिला महाग, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला असणार आणि तो बरोबरच होता. तुमच्या यादीतही अशी एखादी गप्प बाई असेल. ६०० लिहिण्याआधी तिचं नाव आठवा.

आता तुमच्या लाडवांकडे. तुमचा खर्च मला माहीत नाही, म्हणून धरून चालू की सगळं जाऊन किलोमागे तुमच्या हातात २२० राहतात. शंभर कमी केले की राहतात १२०. ऐकायला ती सातशेतली शंभरची सूट, पण तुमच्या मजुरीतली जवळजवळ निम्मी गेली. दहा किलोत मिळणारे २,२०० मिळवायला मग अठरा किलोच्या वर लाडू वळावे लागतील. "जास्त घेतेय म्हणून कमी करा" हे दुकानात ठीक असतं, कारण दुकानदाराला दोन किलो देणं एक किलो देण्याइतकंच सोपं. आपल्याकडे दुसरा किलोही हातानेच वळायचा असतो, आणि त्याचं बेसनही मंद आचेवर उभं राहून, ढवळत, वास सुटेपर्यंत भाजायचं असतं. घाईने आच वाढवली की ते वरून लाल होतं, आत कच्चं राहतं आणि लाडू टाळूला चिकटतो. मग कौतुकाचा मेसेजही येत नाही.

त्या ताईंचं कौतुक खोटं समजू नका बरं का. आपल्यातल्या काही जणी लगेच म्हणतात, "हरभऱ्याच्या झाडावर चढवतात आणि मग मागतात." मला तसं वाटत नाही. मुलांनी डबा संपवला हे खरंच असेल. भाव विचारून बघणं ही बऱ्याच जणींची सवय असते, भाजीवाल्याशीही त्या तसंच बोलतात. म्हणून कौतुकाचं उत्तर कौतुकासारखं द्या, दराचं दरासारखं, आणि मध्ये 'पण' घालू नका. मी असं लिहीन:

"मुलांना लाडू आवडले हे वाचून फार बरं वाटलं, मनापासून आभार. दर सगळ्यांना एकच आहे, ७०० रुपये किलो. अर्धा किलोही देते, ३५० ला. शनिवारी लाडू वळणार आहे. तुमच्या नावावर दोन किलो लिहू की एक?"

यात 'परवडत नाही' नाही आणि 'सॉरी'ही नाही. परवडत नाही म्हटलं की समोरून "मग ६५०?" येतं, कारण तुम्ही फक्त आकड्याबद्दल बोललात. 'सगळ्यांना एकच' म्हटलं की बोलणं त्या बाईपुरतं राहत नाही. आणि शेवटी प्रश्न ठेवा, पण उत्तरात किलो येतील असा. 'चालेल का?' असं विचारलंत तर 'नाही' म्हणायची जागा तुम्हीच करून दिलीत.

पुन्हा "बघा ना जरा" आलं तर एकच ओळ: "दर तोच राहील ताई, शुक्रवारपर्यंत कळवा, तोवर दोन किलो धरून ठेवते." तिसऱ्यांदा आलं तर मी उत्तर देत नाही. काहींना हे उद्धट वाटेल. माझ्या सासूबाईंना वाटतं.

सूट कधीच द्यायची नाही, असं मी म्हणत नाही. माझा नियम इतकाच: माझा खर्च खरोखर कमी होत असेल तर तेवढं कमी करायचं, आणि तेही सगळ्यांना. स्वतःचा डबा घेऊन घरी येऊन नेणाऱ्याला मी किलोमागे २५ कमी लावते, कारण डबा आणि लेबल वाचतं. हे दरपत्रकातच लिहिलंय, त्यामुळे मागावं लागत नाही आणि लपवावंही लागत नाही. तुटलेल्या चकल्या वेगळ्या पिशवीत ठेवते, त्या ४०० ने जातात. ज्यांना खरंच स्वस्त हवं असतं ते त्या नेतात, मिसळीवर चुरून छान लागतात. लाडवात तुटफूट नसते, पण लहान लाडवांचा पाव किलोचा डबा काढून बघा. हात आखडणाऱ्याला 'तेवढं द्या' म्हणता येतं.

वर दोन लाडू जास्त टाकायचे असतील तर मागण्याआधी टाका. मागितल्यावर टाकलेत की पुढच्या वेळी ते दोन हक्काचे होतात.

अर्थात माझा धंदा दिवाळी आणि लग्नसराईपुरता, ओळखीच्या गल्ल्यांमधला. तुम्ही नवीन शहरात असाल, अजून कुणी ओळखत नसेल, तर पहिल्या महिन्याला सगळ्यांना ६५० असा उघड दर लावणं हा वेगळा विचार झाला, त्याला माझी ना नाही. नातेवाईकांचं मात्र मला विचारू नका. नणंदेला मी अजून ५२० सांगू शकलेले नाही, तिला फुकटच जातात. तो खर्च मी दिवाळीच्या ओवाळणीत धरते.

त्या 'आईच्या हातची चव' वाल्या बाई अजून दर वर्षी दोन किलो नेतात, पूर्ण दराने. दर वर्षी एकदा विचारतातच. मी वरची ओळ पाठवते, त्या अंगठा पाठवतात आणि विचारतात, शनिवारी किती वाजता येऊ.