‘फेजचा करंट’ म्हणजे कोणता?

प्रश्न : वायरमन क्लॅम्प मीटर लावून ‘आर फेजचा करंट’ सांगतो, तोच पुस्तकातला फेज करंट का? डेल्टाच्या लोडमध्ये दोन्हींत √3 चा फरक पडतो, आणि डेल्टाचा स्टार करताना मात्र 3 ने भागतात. आणि या सगळ्याला मराठीत काय म्हणावे?

नाही, तो तोच नव्हे. वायरमन जे मोजतो तो लाइनचा करंट, म्हणजे पुरवठ्याकडून लोडकडे येणाऱ्या तारेतला प्रवाह. पुस्तकातला फेज करंट लोडच्या एका भुजेतून, म्हणजे एका कॉइलमधून किंवा एका हीटरमधून वाहतो. ‘फेज आली का’, ‘एक फेज गेली’ असे आपण सगळेच म्हणतो आणि बोलण्यापुरते ते चालूनही जाते. पण जिवंत तारेला फेज म्हणण्याची सवय गणितात शिरली की घोटाळा ठरलेला आहे. तीनफेजी पुरवठ्याला ‘थ्री फेज’ हे नाव तीन तारांमुळे मिळालेले नसून एकमेकींपासून 120 अंशांनी सरकलेल्या तीन लहरींमुळे मिळाले आहे, एवढे तरी शिकवणाऱ्यांनी सांगायला हवे.

शब्दाचे मूळ पाहिले तर हे आपोआप उमगते. फेज हा ग्रीक ‘फासिस’पासून आला; फासिस म्हणजे दिसणे, प्रकट होणे, आणि तो शब्द चंद्राच्या वाढत्या-घटत्या रूपांसाठी वापरला जाई. ‘फासिस’च्या मागचे क्रियापद ‘फाइनेइन’, आणि त्याचा धातू तोच जो संस्कृतात ‘भा’ म्हणून नांदतो : भाति, भानु, प्रभा, आभा. म्हणजे मीटरच्या काट्यापाशी उभा राहून ‘फेज’ म्हणणारा माणूस नकळत प्रभेच्याच कुळातला शब्द उच्चारत असतो. परिभाषेत फेजला ‘कला’ म्हणतात, आणि माझ्या मते मराठीत याहून चपखल प्रतिशब्द सापडणार नाही, कारण चंद्राची कला म्हणजे त्याच्या चक्रातला एक मुक्काम, आणि विजेच्या लहरीची कला म्हणजे तिच्या चक्रातला एक मुक्काम. ‘कला म्हटले की लोकांना चित्रकला आठवते’ हा काही परिभाषाकारांचा आक्षेप आहे. चंद्रकला नावाची साडी नेसणाऱ्या महाराष्ट्रात तो टिकणारा नाही. त्यांनी सुचवलेली ‘प्रावस्था’ मला तरी आजारपणाच्या टप्प्यासारखी वाटते.

आता √3 कुठून येतो ते पाहू. समजा 415 व्होल्टच्या पुरवठ्यावर 41.5 ओहमचे तीन हीटर डेल्टात, म्हणजे त्रिकोणात जोडले आहेत. प्रत्येक हीटर दोन तारांच्या मध्ये असल्यामुळे त्यावर पूर्ण 415 व्होल्ट पडतात आणि त्यातून 10 अँपिअर वाहतात. हा फेज करंट. त्रिकोणाच्या आर या कोपऱ्यावर दोन हीटर भेटतात, आणि बाहेरून येणाऱ्या तारेला त्या दोघांचा हिशेब चुकवावा लागतो : I_R = I_RY − I_BR. दोन्ही प्रवाह 10 अँपिअरचे असले तरी त्यांच्या कला 120 अंशांनी वेगळ्या आहेत, म्हणून वजाबाकी शून्य येत नाही आणि दुप्पटही होत नाही. ती 2 × 10 × cos 30°, म्हणजे 17.32 अँपिअर भरते. लाइनचा करंट फेज करंटच्या √3 पट असतो तो असा, आणि आर-वाय-बी हाच क्रम असेल तर तो 30 अंश मागेही राहतो. तीनही भुजा सारख्या असल्या तरच हे खरे, हे मात्र विसरू नये. आर आणि वाय यांच्यामधला हीटर जळून तुटला, तर आर आणि वाय तारांवर 10-10 अँपिअर दिसतील आणि बी तारेवर 17.32 तसेच राहतील. क्लॅम्प मीटरने दोन आकडे कमी आणि एक पूर्ववत दाखवला, की त्या दोन कमी तारांमधली भुजा गेली असे समजावे.

या शब्दाच्या गोंधळाची किंमत मी घरातच पाहिली आहे. माझ्या मेहुण्यांच्या विहिरीवरच्या मोटरच्या पाटीवर 20 अँपिअर लिहिलेले होते, आणि स्टार-डेल्टा स्टार्टर बसवणाऱ्या गृहस्थांनी ‘फेजचा करंट वीस’ म्हणून ओव्हरलोड रिले वीसवर लावला. पाटीवरचा आकडा नेहमी लाइनचा असतो. त्या स्टार्टरमधला रिले मात्र कॉइलच्या मार्गात होता, जिथे मोटर डेल्टात चालताना 20 भागिले √3, म्हणजे साधारण 11.5 अँपिअरच वाहतात. त्यामुळे लाइनला 34 अँपिअरपर्यंत प्रवाह गेला तरी रिले मुकाट्याने पाहत राहिला आणि मोटर रिवाइंडिंगला गेली. तोच रिले लाइनच्या तारेत असता, तर वीस हेच योग्य सेटिंग ठरले असते.

डेल्टाचा स्टार करण्याविषयी, म्हणजे त्रिकोणाच्या जागी एका मधल्या बिंदूला जोडलेल्या तीन भुजा मांडण्याविषयी, विचारले आहे. डेल्टा हे ग्रीक अक्षर फिनिशियन ‘दालेत’वरून, म्हणजे दरवाज्यावरून आले. ‘द्वार’शी त्याचे नाते जोडणाऱ्यांनी हात आवरावा, कारण दालेत सेमिटिक आहे. ‘स्टार’ आणि ‘तारा’ मात्र खरोखरच सख्खे आहेत. त्यातही मराठीत तार या शब्दाचे अनेकवचन ‘तारा’ होते, त्यामुळे ‘तारा जोडणी’ हा शब्द दोन्ही अर्थांनी चालतो. मी स्वतः ‘त्रिकोण जोडणी’ आणि ‘तारा जोडणी’ लिहितो.

रूपांतराची कृती 1899 साली आर्थर केनेली यांनी प्रसिद्ध केली, आणि या गृहस्थांचा जन्म 1861 साली आपल्या कुलाब्यात झाला होता, हे मी सांगितल्याशिवाय राहू शकत नाही. कृती अशी : ताऱ्याच्या ज्या टोकाचा रोध हवा, त्या कोपऱ्याला भिडणाऱ्या त्रिकोणाच्या दोन भुजांचा गुणाकार करावा आणि तिन्ही भुजांच्या बेरजेने भागावे. भुजा सारख्या असल्या की हे Z_Y = Z_Δ / 3 इतके सोपे होते. आपल्या उदाहरणात 13.83 ओहम. ताऱ्यात प्रत्येक भुजेवर 415 भागिले √3, म्हणजे 239.6 व्होल्ट पडतात, आणि 239.6 भागिले 13.83 म्हणजे 17.32 अँपिअर, लाइनचा करंट तोच आला. √3 हा प्रवाहांच्या वजाबाकीतून येतो आणि 3 हा बाहेरून पाहणाऱ्याला फरक कळू नये या अटीतून. हीटर न बदलता नुसते ताऱ्यात जोडले, तर लाइनला 5.77 अँपिअर, म्हणजे एक तृतीयांशच जातील. ते रूपांतर नव्हे, तो वेगळाच लोड झाला.

‘बाहेरून पाहणारा’ हे शब्दशः घ्यावे. पुरवठा तोडून आर आणि वाय या टोकांवर ओहममीटर लावला, तर त्रिकोणात 41.5 ओहमला 83 समांतर, म्हणजे 27.67 ओहम दिसतील; ताऱ्यात 13.83 दोनदा, म्हणजे पुन्हा 27.67. पण ताऱ्याचा मधला बिंदू फक्त कागदावर असतो. त्रिकोणात तिथे न्यूट्रल जोडायला जागाच नाही, आणि हीटरमधले 10 अँपिअर हवे असतील तर कागदावरच्या ताऱ्यातून परत त्रिकोणात यावेच लागते.