धनकोचे तीन आधार: रहन, कफाला आणि हवाला

प्रश्न: इस्लामी धर्मशास्त्रात व्याज निषिद्ध, मग कर्ज देणाऱ्याला संरक्षण कशाचे होते? रहन, कफाला आणि हवाला यांत नेमका फरक काय?

इस्लामी कायद्याच्या वेगवेगळ्या परंपरांपैकी मी हनफी मताला धरून उत्तर देतो, कारण हिंदुस्थानातील मुसलमानी राजवटींत प्रामुख्याने तेच मत चालत असे आणि बाराव्या शतकातील मर्घिनानींच्या ‘हिदाया’ या हनफी कायद्याच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १७९१ साली निघाल्यावर कंपनीच्या न्यायालयांतही त्याचा आधार घेतला जाई. जिथे इतर मते फार वेगळी पडतात, तिथे तसे सांगतो.

रहन म्हणजे तारण. ऋणकोने वस्तू नुसती कबूल करून भागत नाही. ती धनकोच्या ताब्यात आल्यावरच व्यवहार पक्का होतो. प्रवासात लेखनिक न मिळाल्यास ‘ताब्यात घेतलेले तारण’ असावे, असे कुराणाच्या दुसऱ्या सूरेत (२:२८३) म्हटले आहे. या ताब्यातून धनकोला दोन गोष्टी मिळतात. शेवटचा दिरहम फिटेपर्यंत तो संपूर्ण वस्तू अडवून ठेवू शकतो. हजारांपैकी नऊशे फेडले म्हणून त्या प्रमाणात तारण सोडावे, असे त्याला सांगता येत नाही. शिवाय ऋणको मेला किंवा त्याचे दिवाळे वाजले, तर त्या वस्तूच्या किमतीवर इतर धनकोंच्या आधी याचा हक्क असतो. मात्र मुदत टळली म्हणून वस्तू आपोआप धनकोची होत नाही. ती विकून देणे वळते करून घ्यायचे आणि उरलेली रक्कम ऋणकोला परत करायची. विक्रीसाठी तारणाच्या करारातच मुखत्यार नेमलेला असेल, तर ऋणकोला त्याला परस्पर काढून टाकता येत नाही. माझ्या मते व्यवहारात धनकोला हीच तरतूद सर्वांत उपयोगी पडत असणार.

पण या ताब्याची किंमतही मोजावी लागते, आणि हनफी मताचे वैशिष्ट्य इथेच दिसते. समजा, १,००० दिरहमांच्या कर्जापोटी सोन्याचा हार ठेवला आणि धनकोचा काही दोष नसताना तो हरवला. ताबा घेतला त्या दिवशी हार १,००० चा असेल, तर कर्ज फिटले असे धरतात. तो १,२०० चा असेल, तरी कर्ज फिटतेच. वरचे २०० धनकोकडे केवळ अमानत, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव होते, त्यामुळे ऋणकोला ते मागता येत नाहीत. हार ७०० चा असेल, तर तेवढे वजा होऊन धनकोला ३०० वसूल करता येतात. हलगर्जीपणा झाला असेल, तर मात्र पूर्ण किंमत भरून द्यावी लागते. शाफिई मतानुसार तारण ही निव्वळ अमानत असल्याने धनकोचा दोष नसेल तर कर्ज जसेच्या तसे उभे राहते. म्हणजे धनकोच्या दृष्टीने शाफिई मत अधिक सोयीचे.

कफाला म्हणजे जामीनकी. इथे वस्तूऐवजी दुसरा माणूस बांधला जातो, पण मूळ ऋणको सुटत नाही. धनकोने आधी ऋणकोकडे जाऊन हात हलवत परत यायलाच हवे, असे बंधन हनफी मतात नाही; तो दोघांपैकी कोणालाही, किंवा दोघांनाही, गाठू शकतो. जामीनदार ऋणकोच्या सांगण्यावरून उभा राहिला असेल, तर भरलेली रक्कम त्याला ऋणकोकडून वसूल करता येते; आपण होऊन मध्ये पडला असेल, तर नाही. धनकोने एक सावधगिरी बाळगावी लागते. ऋणकोला कर्ज माफ केले की जामीनदारही सुटतो. जामीनदाराला सोडले, तर ऋणको मात्र सुटत नाही. जामीन माणसाला हजर करण्यापुरताही असे. ठरल्या वेळी ऋणकोला हजर केले नाही, तर जामीनदाराला कैदेत टाकता येई, पण ऋणको मेला की ती जबाबदारी संपे.

हवाल्यात कर्जच एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाते. ऋणको म्हणतो, ‘माझे देणे हा देईल’. धनको आणि तो तिसरा माणूस मान्य करतात आणि ऋणको मोकळा होतो. कफाल्याशी याची सीमा इतकी बारीक आहे की ऋणकोला मुक्त करण्याच्या अटीवर दिलेला जामीन हवाला ठरतो, आणि ऋणको बांधलेलाच राहील या अटीवर केलेला हवाला जामीन ठरतो. कागदावर नाव काय घातले आहे, याला महत्त्व नाही.

धनकोची संमती अत्यावश्यक असते, कारण माणसामाणसांत फरक असतो: एक वेळेवर फेडतो, दुसरा हेलपाटे घालायला लावतो. संमती दिल्यावर नवा ऋणको बुडाला तर काय, हा खरा प्रश्न. हनफी मताचे प्रवर्तक अबू हनीफा यांच्या मते धनको दोनच प्रसंगी मूळ ऋणकोकडे परत येऊ शकतो: नव्या ऋणकोने हवाला झालाच नाही असे शपथेवर सांगितले आणि पुरावा नसला, किंवा तो मागे काहीच न ठेवता मेला. अबू यूसुफ आणि मुहंमद या त्यांच्या शिष्यांनी तिसरा प्रसंग जोडला: नवा ऋणको जिवंत असतानाच काझीने त्याला दिवाळखोर ठरवले तर. शाफिई मतात परत येण्याचा मार्गच नाही. मालिकींच्या मते तो उघडतो, पण नवा ऋणको कफल्लक आहे हे ठाऊक असून मूळ ऋणकोने ते लपवले असेल तेव्हा.